समोर कुणी नसलेली मुलाखत

आज एका वेगळ्याच मुलाखतीबद्दल बोलायचं आहे. तुमच्यातल्या काहींच्या मुली-सुनांना अशी मुलाखत आलीही असेल, म्हणून आधी गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका गटातल्या ताईंची लेक बी.कॉम. झालेली. तिच्या मोबाईलवर एका कंपनीकडून लिंक आली. लिंक उघडा, पडद्यावर प्रश्न दिसेल, मोबाईलसमोर बसून उत्तर द्या, त्याचा व्हिडिओ आमच्याकडे येईल, असं त्यात लिहिलं होतं. पोरगी नटूनथटून बसली, पाचही प्रश्नांची उत्तरं दिली, पाठवूनही दिली. तीन आठवडे कुणाचा फोन नाही. शेवटी हिनंच फोन लावला, तर पलीकडून सांगितलं, तुमचा चेहरा दिसतो, पण बोललेलं काहीच ऐकू येत नाही, आणि आता जागा भरली आहे.

ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही तिला म्हटलं, त्या दिवशी बसली होतीस तशीच आज बस आणि थोडं बोलून रेकॉर्ड कर. तिनं बाहेरून भावाचं कानात घालायचं बिनवायरचं यंत्र आणून बाजेवर ठेवलं, कारण त्या दिवशीही ते तिथंच पडलं होतं. सकाळी भावानं तिच्याच मोबाईलवर गाणी ऐकली होती. मग उमगलं. मोबाईल त्या यंत्राला ब्लूटूथनं जोडलेलाच राहिला होता. पोरगी आतल्या खोलीत बोलत होती आणि मोबाईल आवाज घेत होता बाहेरच्या खोलीतल्या बाजेवरून. पाठवण्याआधी एक उत्तर जरी लावून ऐकलं असतं तरी हे तिथल्या तिथं कळलं असतं. आम्ही रेडिओवरच्या बायका, दिवसभर आवाजाशीच झुंजतो, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला फार लागली.

यंदा दुसऱ्या एका ताई आपल्या सुनेला घेऊन आल्या. जिल्ह्याच्या गावी एका कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायचं काम होतं आणि मुलाखत अशीच, समोर कुणी नसलेली. गुरुवारी संध्याकाळी ६ पर्यंत ती द्यायची होती, आणि त्या आल्या सोमवारी. सासूबाई म्हणाल्या, “ताई, हिचं बोलणं चांगलं आहे, पण त्या मोबाईलपुढं बोलताना बोबडी वळतीय. तुम्ही जरा बघा.” मग ते चार दिवस आम्ही तिच्याबरोबर होतो. त्यात जे जे समोर आलं तेच आज सांगतो.

तर आधी ही मुलाखत असते कशी ते. यात दोन माणसं एकाच वेळी एकमेकांशी बोलत नाहीत. व्हिडिओ कॉल नव्हे हा. कंपनीनं प्रश्न आधीच लिहून किंवा बोलून ठेवलेले असतात. तुम्ही तुमच्या सोयीनं उत्तर रेकॉर्ड करता आणि कंपनीतली माणसं त्यांच्या सोयीनं ते बघतात. HireVue, Spark Hire, Willo अशी नावं असलेल्या सोयी यासाठी बाजारात आहेत. लिंक उघडल्यावर यातलं किंवा आणखी कुठलं तरी नाव दिसेल. नाव कुठलंही असो, गाभा एकच: किती प्रश्न, विचार करायला किती वेळ, बोलायला किती वेळ आणि एक उत्तर किती वेळा देता येईल, या चार गोष्टी कंपनी ठरवते. त्यामुळे मैत्रिणीच्या मुलाखतीत तीनदा बोलायची मुभा होती म्हणून तुमच्याही असेल असं धरून चालू नका.

आणि हो, मुलाखतीसाठी कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर तिथंच थांबा. मुलाखतीला पैसे लागत नाहीत.

सोमवारी आम्ही पहिलं काम केलं ते वाचण्याचं. लिंक उघडल्याबरोबर मुलाखत सुरू होत नाही, बहुतेक ठिकाणी आधी सूचनांचं पान येतं. आमची ही सूनबाई ते पान सरकवून पुढं निघाली होती, आम्ही थांबवलं. वहीत उतरवून घ्यायला लावलं. प्रश्न ५. प्रत्येकाला विचार करायला ३० सेकंद. उत्तराला दीड मिनिट. एका उत्तराला २ संधी. आणि एक वाक्य होतं ते आम्ही दोनदा वाचलं: एकदा प्रश्न पडद्यावर आला की तो सोडून बाहेर जाता येणार नाही. म्हणजे प्रश्न बघून ठेवू आणि उद्या उत्तर देऊ, हे चालणार नाही. सूचना इंग्रजीत असतील आणि नीट समजत नसतील, तर गावातल्या मास्तरांना किंवा कॉलेजातल्या मुलीला विचारा, पण या पानाशिवाय पुढं जाऊ नका.

त्या पानानंतर मोबाईल विचारतो, कॅमेरा आणि माईक वापरू देऊ का? तिथं Allow दाबायचं. घाईत Block दाबलं गेलं तर चेहरा किंवा आवाज जाणारच नाही. मग पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला जे छोटं चिन्ह असतं ते दाबून Permissions मध्ये जायचं आणि माईक पुन्हा चालू करायचा. आणखी एक अडचण आमच्यासमोरच आली. लिंक एका ॲपमधून दाबली, तर ती त्या ॲपच्या पोटातच उघडली आणि कॅमेरा काही केल्या चालू होईना. वर कोपऱ्यात तीन टिंबं असतात, तिथून ती क्रोममध्ये उघडली आणि काम झालं.

आता आवाज. यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

मोबाईलचा माईक कुठं असतो ते तुमच्यापैकी किती जणींना माहीत आहे? आत्ता हातातला मोबाईल उलटा करून बघा. खालच्या कडेला, चार्जरची पिन घालतो त्याच्या शेजारी, सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. आपण बोलतो ते मुख्यतः तिथून आत जातं. मोबाईल उभा टेकवला की हे भोक खाली जातं. आमच्या सूनबाईनं मोबाईल घडी केलेल्या गोधडीवर उभा केला होता आणि मागे तांब्याचा टेकू दिला होता. दिसायला छान. पण खालची कड गोधडीत रुतलेली. आवाज असा आला, जणू कुणी तोंडावर पदर दाबून बोलतंय. गोधडी काढून खाली लाकडी पाट ठेवला, मोबाईलची कड पाटाच्या थोडी बाहेर येईल अशी, तर तोच आवाज मोकळा झाला. धान्याच्या डब्यात मोबाईल रोवून उभा करणाऱ्याही बघितल्या आहेत आम्ही. ज्वारीत माईक पुरल्यावर आवाज ज्वारीलाच ऐकू जाणार. मोबाईल आडवा धरून हातात घेतला तरी हेच होतं, ते भोक नेमकं तळहाताखाली येतं.

जुन्या मोबाईलचं ते भोक पिठानं, धुळीनं बुजलेलंही असतं. सुई घालू नका. मऊ कोरड्या ब्रशनं वरवर झाडा.

मग खोली. पत्र्याची, सिमेंटची, रिकामी खोली घुमते. आपल्याला बसल्या जागी ते जाणवत नाही, कारण कानाला सवय असते, पण रेकॉर्डिंगमध्ये विहिरीत बोलल्यासारखं येतं. टाळी वाजवून बघा. टाळीमागं शेपूट ऐकू आली तर खोली घुमते. त्यावर उपाय साधा आहे: समोरच्या आणि पाठीमागच्या भिंतीवर गोधड्या, चादरी लटकवा. गोधडीची जागा भिंतीवर, मोबाईलखाली नाही. आमच्या सूनबाईच्या घरात सगळ्यात चांगली खोली निघाली ती धान्याच्या पोत्यांची. पोती आवाज पिऊन टाकतात. सासूबाईंना ते काही पटेना. “कंपनीवाल्याला पोती दाखवायची व्हय?” म्हणाल्या. मग मागे एक साधी एकरंगी चादर लावली.

पंखा बंदच हवा. वारा माईकवर आला की धडधड असा आवाज भरतो आणि बोलणं त्याखाली दबतं. घाम आला तर प्रश्नांच्या मधल्या वेळात पुसा. आणि वेळ निवडताना घड्याळाइतकंच गावाच्या आवाजाकडं लक्ष द्या. गिरणी कधी चालू होते, शेजारची मोटर कधी सुरू होते, शाळा कधी सुटते, भोंगा कधी लागतो. पाऊस असेल तर पत्र्याखाली बसूच नका. आम्ही मंगळवारी तिला दिवसभरात चार वेळा बसून एकेक मिनिट रेकॉर्ड करायला सांगितलं. दुपारी २ ते ४ घर आणि गल्ली दोन्ही शांत निघाली. उजेडही त्या वेळी खिडकीतून चेहऱ्यावर येत होता, त्यामुळे त्याचं वेगळं काही करावं लागलं नाही. खिडकी तोंडासमोर हवी, पाठीशी नको, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

ब्लूटूथ बंद. गेल्या वर्षीच्या त्या पोरीसाठी आम्ही हे भिंतीवर लिहूनच ठेवलं आहे. वायरचा इअरफोन चालतो, पण त्याचा माईक वायरीवर असतो आणि तो साडीला, गळ्यातल्याला, ओढणीला घासला की खरखर होते. आमचं मत विचाराल तर बोलताना मोबाईलचाच माईक ठेवा, हातभर अंतरावर, आणि इअरफोन फक्त ऐकून तपासायला वापरा.

फोन येण्याचंही बघावं लागतं. मुलाखत चालू असताना कुणाचा फोन आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं आणि ती एक संधी गेली असं धरलं जाऊ शकतं. आम्ही केलं ते असं. दिराच्या मोबाईलचं हॉटस्पॉट चालू केलं. हिच्या मोबाईलवर विमानाचं चिन्ह दाबून फोन बंद केले आणि नुसतं वायफाय चालू ठेवलं. आता इंटरनेट आहे, पण साधा फोन सहसा येणार नाही. दिराचा मोबाईल मात्र खिडकीत, रेंज पूर्ण असलेल्या जागी ठेवला, आणि तो घेऊन तू रानात जायचं नाहीस असं त्याला दोनदा बजावलं. दुसरा मोबाईल नसेल तर निदान Do Not Disturb लावा आणि माहेरच्यांना सांगून ठेवा.

हे सगळं झालं की तपासणी. आधी मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्यानं अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकावं. पण तेवढ्यावर भागत नाही. कॅमेऱ्याला माईकची परवानगी असते आणि क्रोमला नसते, असंही होतं. म्हणून खरी तपासणी त्या मुलाखतीच्या पानावरच करायची. बहुतेक ठिकाणी सरावाचा एक प्रश्न असतो, Practice असं लिहिलेलं असतं. तो कंपनीकडं जात नाही. पुष्कळ पोरी तो ओलांडून जातात, कशाला वेळ घालवायचा म्हणून. आम्ही म्हणतो, पूर्ण मुलाखतीत सगळ्यात कामाचा प्रश्न तोच. त्याच जागी, त्याच टेकूवर, त्याच वेळी, खरं उत्तर द्यावं तसं अर्धा-पाऊण मिनिट बोला आणि मग लावून ऐका. काही ठिकाणी खरी उत्तरं परत लावून ऐकायची सोयच नसते. तिथं आवाज तपासायची जागा ही एकच.

ऐकायचं कसं, तेही सांगतो. मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर ऐकलं तर जड घरघर ऐकूच येत नाही, ती लपून राहते. वायरचा इअरफोन कानात घाला. आवाज निम्म्यावर ठेवा, पूर्ण नको. निम्म्यावर तुमचा प्रत्येक शब्द कळला तर ठीक. कळायला आवाज पूर्ण वाढवावा लागला, तर तुम्ही लांब बसला आहात किंवा माईक झाकला आहे. डोळे मिटून ऐका, कारण चेहरा दिसला की आपण शब्द ओठांवरून ओळखतो आणि ऐकू आलं असं वाटतं. आणि जमलं तर दुसऱ्या बाईला ऐकवा. आम्ही सासूबाईंच्या कानात इअरफोन घातला आणि विचारलं, काय म्हणाली सूनबाई? त्यांनी शेवटचं वाक्य सांगितलंच नाही. परत ऐकलं तर खरंच, ही प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकत होती, ‘मी गटाचा हिशेब ठेवते’ मधलं ‘ठेवते’ गळून जात होतं. ही सवय आपल्यातल्या पुष्कळ जणींना आहे, रेडिओवर आलेल्या दहातल्या आठ बायकांना आम्ही हेच सांगतो. वाक्याचा शेवट जमिनीवर टाकू नका, समोर ठेवा.

आता वेळ. प्रश्न दिसला की एक घड्याळ उलटं मोजायला लागतं. तिच्या बाबतीत ३० सेकंद. ते संपले की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं, तुम्ही तयार असा वा नसा. मग दुसरं घड्याळ, दीड मिनिटाचं. ते संपलं की वाक्य अर्धं असलं तरी रेकॉर्डिंग बंद. गाडी सुटली की सुटली. आधी संपलं तर मात्र तुम्ही स्वतः बटण दाबून थांबवू शकता. दीड मिनिट मिळालं म्हणून दीड मिनिट भरलंच पाहिजे असं नाही.

दीड मिनिटात किती मावतं? सावकाश, कळेल असं बोलायचं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, रेडिओवर आम्हीही तेवढंच धरतो. म्हणजे दीड मिनिटात वहीचं जेमतेम एक पान. पण ते पान लिहून वाचायचं मात्र नाही. डोळे वाचताना डावी-उजवीकडं हलतात ते बघणाऱ्याला लगेच कळतं.

बुधवारी सरावाला आम्ही तिला एक प्रश्न दिला: समोरचा ग्राहक चिडला असेल तर तुम्ही काय कराल? तिचं पहिलं उत्तर असं झालं. माझं नाव अमुक, आमच्या गटात बारा जणी आहेत, गट अमुक साली सुरू झाला, दर महिन्याच्या पाच तारखेला बैठक असते, मी हिशेब लिहिते, एकदा काय झालं की एक काकू आल्या आणि फार रागावल्या होत्या, कारण त्यांनी हप्ता भरला होता पण पुस्तकात... आणि वेळ संपली. घड्याळाचा पाऊण भाग गटाची ओळख करून देण्यातच गेला. तिनं काय केलं, तेच राहिलं. आणि विचारलं होतं नेमकं तेच.

आपल्या बोलण्याची रीतच ही आहे, आधी घरादाराची चौकशी मग काम. समोर माणूस असेल तर ते मान हलवून, मध्ये विचारून आपल्याला मुद्द्यावर आणतं. इथं आणणारं कुणी नाही. म्हणून उलटं करायचं ठरवलं. पहिल्याच वाक्यात उत्तर, मग प्रसंग, शेवटी निकाल. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “मी आधी त्यांचं पूर्ण ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही. आमच्या बचत गटात एका काकूंचा पाचशे रुपयांचा हप्ता पुस्तकात चढला नव्हता. त्या चारचौघीत माझ्यावर ओरडल्या. मी त्यांना बसवलं, त्यांची पावती मागितली, वही समोर उघडून महिन्याच्या नोंदी त्यांच्याबरोबर मोजल्या. चूक माझी होती. मी तिथंच नोंद केली, त्यांची सही घेतली आणि सगळ्यांसमोर चूक मान्य केली. पुढच्या महिन्यापासून मी प्रत्येक हप्ता घेतल्याबरोबर मोठ्यानं वाचून दाखवते. त्या काकू आता दर बैठकीला माझ्याजवळच बसतात.” हे पाऊण मिनिटात झालं. त्या काकूही तिथं होत्या, त्या म्हणाल्या, “ओरडले नव्हते गं एवढी.”

विचाराचे ३० सेकंद कशाला वापरायचे, हेही तेव्हाच ठरवलं. पूर्ण उत्तर मनात जुळवत बसलं की ते होत नाही आणि घाबरायला होतं. कागदावर दोनच शब्द लिहायचे: कुठला प्रसंग, आणि शेवट काय. ‘हप्ता’ आणि ‘मोठ्यानं वाचते’. बस. रेकॉर्डिंग सुरू झालं की एक श्वास घेऊन मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. घड्याळात १५ सेकंद उरले की नवी गोष्ट काढायची नाही, हातातली पुरी करायची.

समोर कुणी नाही याची धास्ती तिला होतीच. त्यावर आम्ही आमचाच उपाय सांगितला. रेडिओवर बोलताना आम्हालाही कुणी दिसत नाही, तर आम्ही ओळखीची एकच बाई डोळ्यांसमोर आणतो आणि तिच्याशी बोलतो. हिनं मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या शेजारी आपल्या धाकट्या बहिणीचा फोटो चिकटवला. त्यानं नजरही कॅमेऱ्याकडं राहिली, नाहीतर आपण पडद्यावरच्या आपल्याच चेहऱ्याकडं बघत बसतो.

आता परत बोलायची संधी, म्हणजे Retake. इथं बहुतेक जणी फसतात. Retake दाबलं की बहुतेक ठिकाणी पहिलं रेकॉर्डिंग पुसलं जातं. दोन्ही ठेवून चांगलं निवडू, असं सहसा होत नाही. पहिलं बरं होतं म्हणून परत मागता येत नाही, आणि दुसरी संधी शेवटची असेल तर ती जशी होईल तशी जाते. काही मुलाखतींत एकाच प्रश्नाला ही मुभा नसते, बाकीच्यांना असते. म्हणून प्रत्येक प्रश्नाशेजारी किती संधी उरल्यात ते लिहिलेलं असतं तिकडं बघायची सवय लावा.

मग Retake कधी घ्यायचं? आम्ही तिला सांगितलं, बटण दाबण्याआधी उत्तर पूर्ण ऐक, आणि या कारणांपैकी एक असेल तरच दाब: आवाज नीट आला नाही, मध्येच कुत्रं भुंकलं किंवा पोर रडलं आणि शब्द गेला, वेळ संपून मुख्य गोष्ट राहिली, किंवा चुकीची माहिती तोंडातून गेली. एखाद्या शब्दावर अडखळलीस, ‘आं’ म्हणालीस, पदर सावरलास, तर नाही. बघणाऱ्याला माणूसच हवं असतं, आणि अडखळून सावरलेलं उत्तर दुसऱ्या खेपेच्या पाठ केलेल्या उत्तरापेक्षा बरं असतं. दुसऱ्यांदा बोलताना आपण तीच वाक्यं आठवायला जातो आणि त्या आठवण्यात जीव जातो. हे आम्ही रेडिओवर शेकडो वेळा बघितलं आहे, दुसरं रेकॉर्डिंग शुद्ध असतं आणि मेलेलं असतं. घ्यायचंच झालं तर आधी पाणी प्या, ती वाक्यं विसरा आणि तीच गोष्ट नव्यानं सांगा.

बुधवारी दुपारी सव्वादोनला ती पोत्यांच्या खोलीत बसली. सासूबाई दाराबाहेर राखणीला. आम्ही बाहेरच, आत गेलो नाही, कारण खोलीत दुसरं माणूस असलं की डोळे तिकडं जातात. तिसऱ्या प्रश्नाला गल्लीत भांडीवाला आला. एक मिनिटभर त्याचीच आरोळी. सासूबाई धावल्या, पण उत्तर संपलं होतं. हिनं ऐकलं, शब्द बुडाले होते, मग Retake घेतलं. चौथ्या प्रश्नात ती ‘ग्राहक’ला ‘गिराईक’ म्हणून गेली आणि तिला लाज वाटली. बाहेर येऊन विचारायची सोय नव्हती. तिनं पूर्ण ऐकलं, बाकी सगळं स्वच्छ होतं, आणि तसंच ठेवलं. शाबास म्हटलं आम्ही नंतर.

शेवटी Submit. त्याच्या आधी, सोय असेल तर, पाचही उत्तरं एकदा लावून ऐकायची. निदान प्रत्येकाची पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं. पहिल्या उत्तरात आवाज होता म्हणून पाचव्यात असेलच असं नाही, मध्ये टेकू सरकलेला असतो. एकदा Submit दाबलं की आपल्या हातून बदल होत नाही.

दाबल्यावर लगेच पान बंद करू नका. व्हिडिओ आपल्या मोबाईलवरून तिकडं जायला वेळ लागतो आणि आपल्याकडं व्हिडिओ बघायला जेवढी रेंज पुरते तेवढी पाठवायला पुरत नाही. एक पट्टी हळूहळू भरताना दिसते. ती भरून ‘मिळालं, धन्यवाद’ अशा अर्थाचा मजकूर येईपर्यंत मोबाईल हलवायचा नाही, पडदा बंद होऊ द्यायचा नाही. तिच्या वेळी सात मिनिटं लागली. त्या मजकुराचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. म्हणूनच शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी बसायचं. गुरुवारी साडेपाचला बसली असती आणि वीज गेली असती, तर करायला काही राहिलं नसतं.

आणि इतकं करूनही आवाज गेलाच नाही असं पाठवल्यावर लक्षात आलं, तर गप्प बसू नका. ज्या ईमेलवरून किंवा नंबरवरून लिंक आली तिथं त्याच दिवशी कळवा: माझं नाव, जागेचं नाव, अमुक वाजता उत्तरं पाठवली, अमुक प्रश्नाला आवाज आलेला नाही, पुन्हा संधी मिळाली तर आभारी होईन. कंपनीला मुलाखत परत उघडून देता येते. देतीलच असं नाही. गेल्या वर्षीच्या पोरीनं तीन आठवडे वाट बघितली, तोवर जागाच राहिली नव्हती.

यंदाच्या सूनबाईला अकरा दिवसांनी फोन आला, दुसऱ्या फेरीसाठी. ती समोरासमोर, जिल्ह्याच्या गावी आहे, येत्या सोमवारी. सासूबाई बरोबर जाणार आहेत.

तोवर एक सांगायचं राहिलं. आमच्या केंद्रातली रेकॉर्डिंगची छोटी खोली मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी २ ते ४ रिकामी असते. भिंतींना जाड कापड आहे, वायफाय आहे, पाट आम्ही देऊ. कुणाच्या लेकी-सुनेला अशी लिंक आली असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या आणि वायरचा इअरफोन घेऊन या.